एका बिटाचा उशीर

गेल्या पावसाळ्यात घरातल्या बंद पडलेल्या रेडिओचं खोकं रिकामं केलं आणि त्यात वाय-फायवरून गाणी वाजवणारं एक यंत्र बसवलं. आत दोनच मुख्य चिपा होत्या. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, जो गाण्याचे आकडे पुरवतो, आणि एक डॅक, म्हणजे त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. पुढे अँप्लिफायर आणि स्पीकर. पहिल्याच फटक्यात आवाज आला. तानपुरा सुरेख, आलाप सुरेख. मग तबला सुरू झाला आणि जोरकस थाप पडली की स्पीकरमधून ‘तडाक्’ असा काहीतरी फुटल्यासारखा आवाज यायला लागला.

स्पीकर बदलून पाहिला, अडॅप्टर बदलून पाहिला. अँप्लिफायरचं बटण फिरवून आवाज लहान केला, तर तडाक्‌ही लहान झाला, पण गेला नाही. हळू वाजणारं सगळं नितळ आणि मोठं वाजणारं तेवढं फुटकं. हा दोष कुठे होता, हे कळायला दोन चिपांमधल्या तीन तारा समजून घ्याव्या लागतात.

या तीन तारांच्या पद्धतीला आय-टू-एस म्हणतात. फिलिप्स कंपनीने 1986 साली तिचे नियम ठरवले, 1996 साली त्यात थोडी सुधारणा केली, आणि आजही ब्लूटूथ स्पीकरपासून लॅपटॉपपर्यंत एका चिपमधून दुसरीत आवाज नेण्यासाठी ती सर्रास वापरली जाते. कल्पना साधी आहे. आकडे एका तारेवर, ते मोजायची लय दुसऱ्या तारेवर, आणि आत्ता डाव्या कानाचा आकडा चाललाय की उजव्या, हे तिसऱ्या तारेवर.

सीडीच्या दर्जाच्या आवाजात प्रत्येक कानासाठी सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे लाटेच्या उंचीचे आकडे, असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा असतो. तीनतालातही 16 मात्रा असतात. हा निव्वळ योगायोग, पण आपल्या सोयीचा. बिट क्लॉकची तार म्हणजे मात्रा मोजणारा हात. ती सतत खालीवर होत राहते आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला डेटाच्या तारेवरून एक बिट जातो. 44,100 गुणिले 16 गुणिले 2, म्हणजे सेकंदाला 14,11,200 ठोके. पाठवणारी चिप सहसा क्लॉक खाली येताना डेटाच्या तारेवर नवा बिट ठेवते, आणि घेणारी चिप क्लॉक वर जाताना तो वाचते. मधल्या साधारण 350 नॅनोसेकंदांत तारेवरचा विद्युतदाब स्थिरावतो.

आता नुसत्या मात्रा मोजून आवर्तन कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्यासाठी तिसरी तार, वर्ड क्लॉक. ती शून्यावर असेल तर डाव्या कानाचा आकडा, एकवर असेल तर उजव्याचा. 16 ठोके शून्य, 16 ठोके एक, पुन्हा शून्य. म्हणजे या तारेची वारंवारता बरोबर 44,100 हर्ट्‌झ, नमुन्यांच्या वेगाइतकीच. हिचा मोठा गुण असा की गोंधळ झालाच तर तो फार काळ टिकत नाही. एखादा ठोका चुकून मोजायचा राहिला तर चालू आकडा बिघडेल, पण वर्ड क्लॉक पुढच्या वेळी बदलला की घेणारी चिप नव्याने मोजायला लागते.

आकडा पाठवताना सर्वांत वजनदार बिट आधी जातो. दुकानदार पाचशे तेवीस रुपये चाळीस पैसे सांगताना शतकापासून सुरुवात करतो तसंच. लिहिणाऱ्याच्या कागदावर जागा कमी पडली तर फक्त पैसे सुटतात, शतक शाबूत राहतं. पाठवणारी चिप 24 बिटांचा आकडा देत असेल आणि घेणारीला 16 च झेपत असतील, तर ती पहिले 16 घेते आणि उरलेले सोडून देते. उलट घेणारीला जास्त बिट हवे असतील तर ती मागे शून्यं जोडते. एकमेकींशी काही न बोलता दोन असमान चिपांचं जमून जातं.

यातली सगळ्यात मजेदार गोष्ट, आणि माझ्या तडाक्‌चं मूळ, पुढे आहे. वर्ड क्लॉक बदलल्या क्षणी नवा आकडा सुरू होत नाही. तो एक ठोका उशिराने सुरू होतो. डाव्या आकड्याचे बिट L15 ते L0 आणि उजव्याचे R15 ते R0 असे मोजले, तर डावी बाजू सुरू होताना वर्ड क्लॉकच्या WS आणि डेटाच्या SD या तारांवर असं दिसतं:

```
WS   1    0    0    0    0
SD   R1   R0   L15  L14  L13
```

वर्ड क्लॉक शून्यावर आला, पण त्या ठोक्याला अजून उजव्या आकड्याचा शेवटचा बिट R0 चालला आहे. नियम करणाऱ्यांनी हा उशीर मुद्दाम ठेवला. ‘आता पाळी बदलणार’ अशी सूचना एक ठोका आधी मिळाली की घेणाऱ्या चिपला जुना आकडा उचलून बाजूला ठेवायला आणि पाटी कोरी करायला वेळ मिळतो. दुसरीही एक पद्धत प्रचलित आहे, तिला लेफ्ट जस्टिफाइड म्हणतात. तिच्यात हा उशीर नसतो, वर्ड क्लॉक बदलला की लगेच पहिला बिट. दोन्हींच्या तारा त्याच, वेग तोच. फरक एका ठोक्याचा.

माझ्या प्रोग्राममध्ये मी उशीर नसलेली पद्धत निवडली होती आणि डॅक उशिराची वाट पाहत होता. म्हणजे प्रत्येक आकड्याचा पहिला बिट त्याच्या नजरेतून निसटत होता. आता प्रश्न असा की सगळ्यात वजनदार बिटच हरवला, तर आलाप सुरेख कसा वाजला?

उत्तर ऋण आकडे लिहायच्या रीतीत आहे. 16 बिटांच्या नमुन्यात पहिल्या बिटाचं वजन उणे 32,768 असतं आणि पुढच्यांचं अधिक 16,384, अधिक 8,192 असं निम्मं-निम्मं होत जातं. त्यामुळे लहान धन आकड्यांच्या सुरुवातीला शून्यांची रांग येते आणि लहान ऋण आकड्यांच्या सुरुवातीला एकांची. 1000 म्हणजे 0000 0011 1110 1000. उणे 1000 म्हणजे 1111 1100 0001 1000. रांगेतला पहिला निसटला तरी दुसरा हुबेहूब तसाच आहे, तो त्याची जागा घेतो. बाकीचे बिट मात्र एकेक घर पुढे सरकतात, म्हणजे आकडा दुप्पट होतो. 1000 चे 2000, उणे 1000 चे उणे 2000. शेवटच्या घरात दुसऱ्या कानाच्या आकड्याचा पहिला बिट शिरतो, पण त्याचं वजन एक, कानाला पत्ताही लागत नाही. म्हणून आलाप नितळ होता, फक्त हवा त्यापेक्षा मोठा.

आता तबल्याची थाप घ्या. समजा नमुना 20,000 आहे, म्हणजे 0100 1110 0010 0000. इथे पहिला आणि दुसरा बिट वेगळे आहेत. पहिला निसटला की उरतं 1001 1100 0100 0000, आणि त्याचा अर्थ उणे 25,536. लाट वर चढता चढता एकदम तळाला आपटते. नमुना 16,384 च्या खाली असेपर्यंत काही होत नाही, ती रेषा ओलांडली की तडाक्.

हा दोष आणि नेहमीचं फाटणं यांत फरक ओळखता येतो. अँप्लिफायरवर जास्त ताण आला तर लाटेचा माथा सपाट होतो आणि अँप्लिफायरचं बटण खाली आणलं की आवाज सुधारतो. इथे आकडाच चुकीचा आहे, तेव्हा बटणाने चूक फक्त हळू ऐकू येते. पण प्रोग्राममध्येच नमुने निम्म्याने लहान करून पाठवले तर तडाक् पूर्ण नाहीसा होतो. मी तेच करून पाहिलं आणि तिथे उजेड पडला. उलटी चूक, म्हणजे पाठवणारा उशीर करतोय आणि घेणारा करत नाही, लपूच शकत नाही. तिथे भलताच बिट आकड्याच्या तोंडाशी येऊन बसतो. तो शून्य असला तर उणे 1000 चे अधिक 32,268 होतात, आणि अगदी हळू आलापातही कानठळ्या बसवणारी खरखर येते.

ईएसपी-आयडीएफ वापरणाऱ्यांसाठी, दुरुस्ती एका शब्दाची होती. ही ओळ

```
I2S_STD_MSB_SLOT_DEFAULT_CONFIG(...)
```

बदलून ही केली:

```
I2S_STD_PHILIPS_SLOT_DEFAULT_CONFIG(...)
```

तडाक् गेला, आणि लाटांची उंची निम्मी झाल्यामुळे घरून पहिली प्रतिक्रिया आली, “आवाज का कमी केलास?”

जाता जाता नावांबद्दल एक तक्रार. फिलिप्सच्या मूळ कागदात बिट क्लॉकला `SCK` म्हटलंय. बाजारात मिळणाऱ्या PCM5102A या डॅकच्या छोट्या बोर्डांवर मात्र बिट क्लॉक `BCK` आहे आणि `SCK` म्हणजे चौथंच एक, बरंच वेगवान क्लॉक. ही चिप ते क्लॉक स्वतः बनवू शकते, त्यासाठी `SCK` जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडायचं असतं. अक्षरं जुळली म्हणून तार जोडणारा माणूस इथे हमखास फसतो.

दुसरी एक चूक गाणाऱ्यांच्या कानाला लगेच पकडता येते. फाइल 44,100 ची आणि वर्ड क्लॉक 48,000 वर, असं झालं तर काहीही तडकत नाही, पण काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं, आणि पाच मिनिटांचं गाणं 4 मिनिटं 36 सेकंदांत संपतं. वारंवारता मोजणारा मल्टिमीटर वर्ड क्लॉकच्या तारेवर ठेवला की आकडा समोर दिसतो.

खोक्यात सगळं बसवताना शेवटी आणखी एक अडचण आली. डॅक मागच्या बाजूला ठेवायचा म्हणून मी फूटभर लांबीच्या सुट्या तारा वापरल्या आणि मधूनच टिकटिक यायला लागली. तारांना हात लावला की ती कमी-जास्त व्हायची. आय-टू-एस मुळात एकाच बोर्डावरच्या शेजारी चिपांसाठी आहे. लांब तारेच्या टोकाला बिट क्लॉकचा ठोका आपटून परततो, कधी त्या एकाचे दोन मोजले जातात, आणि त्या आकड्यातले पुढचे बिट सरकतात. पुढच्या वर्ड क्लॉकला सगळं सावरतं, म्हणून सलग खरखर न येता सुटी टिकटिक येते. तारा बोटभर लांबीच्या केल्या, प्रत्येकीसोबत ग्राउंडची तार शेजारून नेली आणि बिट क्लॉकच्या तारेत मायक्रोकंट्रोलरच्या बाजूला 33 ओहमचा रोध घातला. डॅक आता मागे न ठेवता मायक्रोकंट्रोलरला खेटून बसवलाय, आणि मागे जाते ती अँप्लिफायरकडची तार.