कारखाना निरीक्षण (खानदेश)

कारखान्यातील यंत्रे, इमारत आणि कामाची पद्धत कायद्याप्रमाणे सुरक्षित आहे की नाही हे सरकारी निरीक्षकाने जागेवर जाऊन पाहणे, दोष आढळल्यास ते दूर करण्याचा लेखी आदेश देणे आणि गरज पडल्यास न्यायालयात फिर्याद दाखल करणे, या सगळ्या कारवाईला कारखाना निरीक्षण म्हणतात. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, डाळमिल आणि प्लॅस्टिक पाइपचे कारखाने बरेच असले तरी निरीक्षणाचा इतिहास मुख्यतः कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगशी, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी दाबण्याच्या धंद्याशी, बांधलेला आहे. लोकांच्या बोलण्यात या कारखान्याला ‘जीन’ म्हणतात, आणि पुढील विवेचन त्याच्याच आधारे केले आहे. पुढे येणारी कलमे 1948 च्या कारखाने अधिनियमातील आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली, म्हणून त्या कलमांचे वर्णन तोवरच्या कारभाराचे समजावे.

पूर्वपीठिका : 1881 चा पहिला कारखाने कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. जीन हंगामी असल्यामुळे पुष्कळ जिना या अटीतून सुटल्या. 1884-85 च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांच्या कामाच्या तासांविषयी साक्षी झाल्या. भर हंगामात तीच माणसे दिवसरात्र राबत, असे चित्र त्यांतून दिसते. मात्र या साक्षी थोड्या कारखान्यांपुरत्या असल्याने त्यांवरून साऱ्या खानदेशाचे अनुमान काढताना जपावे लागते. चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते सामान्यतः 1911 च्या कायद्यापासून, असे मानले जाते.

‘सुधारणा नोटीस’ ही संज्ञा : ही संज्ञा ब्रिटनच्या 1974 च्या कायद्यातील आहे. 1948 च्या भारतीय कारखाने अधिनियमात ती नाही, तरीही कार्यालयीन बोलण्यात ती सर्रास वापरली जाते आणि त्यातून गोंधळ होतो. या नावाखाली प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे भेटीनंतर निरीक्षक पाठवतो ते शेऱ्यांचे पत्र. त्यात दोष व कलमे लिहून पूर्तता कळवण्यास सांगितलेले असते. दुसरी म्हणजे कलम 40 खालचा आदेश. इमारत किंवा यंत्र धोकादायक वाटल्यास ठरावीक तारखेपूर्वी कोणते उपाय करायचे हे त्यात नमूद असते, आणि धोका अगदी समोर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत वापरच थांबवता येतो. तिसरी गोष्ट 1987 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 87-अ ची. त्याखाली अत्यावश्यक कामापुरती माणसे सोडून बाकीच्यांना कामावर ठेवण्यास मनाई करता येते. निरीक्षकाचा हा आदेश तीन दिवस टिकतो. पुढे वाढवायचा तर मुख्य निरीक्षकाचा आदेश लागतो. ‘निरीक्षकाने जीन बंद केली’ असे गावात म्हटले जाते तेव्हा बहुधा या दोन कलमांपैकी एक लागलेले असते. पहिल्या प्रकारच्या पत्राला ‘आदेश’ म्हणणे टाळावे, हे मत आम्हांला अधिक ग्राह्य वाटते. कारण कलम 107 प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येते ते लेखी आदेशाविरुद्ध.

निरीक्षण कसे चालते : कलम 9 प्रमाणे निरीक्षकाला कारखान्यात शिरण्याचा, यंत्रे तपासण्याचा, मोजमापे व छायाचित्रे घेण्याचा, नोंदवह्या मागवण्याचा आणि अपघाताची जागा जशीच्या तशी ठेवायला सांगण्याचा अधिकार आहे. जबाब घेता येतात, पण स्वतःला गुन्ह्यात अडकवणारे उत्तर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

एक कल्पित पण नेहमीच्या धर्तीचे उदाहरण घेऊ. जानेवारी 2024 मध्ये, हंगामाच्या भरात, एका जिनात रात्रपाळीच्या कामगाराचा हात डबल रोलर जिन या सरकी काढण्याच्या यंत्राच्या बाजूच्या दात्यांच्या चाकांत सापडून कोपराखालचे हाड मोडले. दात्यांवर अडकलेली रुई तो यंत्र चालू असतानाच काढत होता. अपघाताची सूचना 14 जानेवारीला कार्यालयात पोहोचली आणि निरीक्षक 19 तारखेला आला. तोवर झाकण जागेवर बसवलेले होते.

अशा वेळी निरीक्षक आधी झाकणाचे पेच बघतो. नव्या पेचांची चकाकी, भोकांच्या आत दाबून बसलेला रुईचा भुगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला ग्रीसऐवजी साचलेली कोरडी धूळ, या खुणांवरून झाकण कित्येक दिवस भिंतीशी पडून होते हे ओळखू येते. मग शेजारच्या यंत्रांवर तेच दिसते का ते तो तपासतो. एकाच यंत्राचे झाकण काढलेले असणे आणि रांगेतल्या सगळ्यांचेच नसणे, या दोहोंचा न्यायालयात अर्थ फार वेगळा होतो. शेवटी हजेरीपत्रक आणि प्रत्यक्ष हजर माणसे ताडून पाहिली जातात; मुकादमामार्फत आलेली माणसे इथेच गळालेली सापडतात.

कलम 21 प्रमाणे अशा चाकांना भक्कम आवरण हवे आणि यंत्र चालू असेतो ते जागेवर हवे. हे बंधन किती निरपवाद आहे, यावर मतभेद आहेत. गुजरात राज्य विरुद्ध जेठालाल पटेल या, 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले, की मालक किंवा व्यवस्थापकाच्या माहितीवाचून व संमतीवाचून दुसऱ्या कोणी आवरण काढले, तर केवळ ते जागेवर नव्हते एवढ्यावरून त्यांना दोषी धरता येत नाही. म्हणूनच पेचांची धूळ महत्त्वाची ठरते. कित्येक दिवस उघडे पडलेले झाकण व्यवस्थापकाला दिसले नाही, हे पटवणे कठीण जाते.

खटला : न्यायालय निरीक्षकाच्या फिर्यादीवरून किंवा त्याच्या पूर्वपरवानगीनेच दखल घेते. गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद दाखल व्हावी लागते. लेखी आदेश मोडल्याचा गुन्हा असेल तर गुन्हा घडल्यापासून सहा महिने मिळतात. वरील उदाहरणात मुदत 14 जानेवारीपासून मोजायची की 19 पासून, हा बचाव पक्षाचा आवडता मुद्दा होतो. म्हणून जपून चालणारे निरीक्षक आधीची तारीख धरतात. कलम 92 ची सर्वसाधारण शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे मृत्यू झाल्यास दंड 25,000 रुपयांपेक्षा आणि गंभीर दुखापतीत 5,000 पेक्षा कमी असू शकत नाही. हाताचे हाड मोडणे ही गंभीर दुखापत होय. बोटाचे एकच हाड मोडले तर तेवढ्याने ती होत नाही. आरोपी कोण, हा प्रश्न कंपनीच्या बाबतीत जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात 1996 मध्ये सुटला : ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेला माणूस, संचालकच असतो, पगारी अधिकाऱ्याला त्या जागी उभे करता येत नाही. भागीदारीतल्या जिनांत कोणताही एक भागीदार भोगवटादार धरला जातो.

कापूस-ओपनर : कलम 27 प्रमाणे कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर, म्हणजे कापूस मोकळा करणारे यंत्र, चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना कामास लावता येत नाही, मात्र कापूस घालण्याची बाजू छतापर्यंतच्या, किंवा निरीक्षकाने लेखी ठरवलेल्या उंचीच्या, भिंतीने तोडलेली असेल तर स्त्रिया व मुले यांना त्या बाजूला काम करता येते. एका भिंतीची उंची निरीक्षकाच्या लेखणीवर सोडणारी ही तरतूद जुन्या खानदेशी प्रेसच्या इमारती वाचताना उपयोगी पडते.

नवी संहिता : 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, 2020 लागू झाली आणि 1948 चा अधिनियम रद्द झाला. तीत निरीक्षक ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ झाला आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही, आणि दंडाचा निदान निम्मा भाग पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा वीस असल्याने थोड्या माणसांवर चालणाऱ्या लहान जिना तिच्या कारखानाविषयक भागाबाहेर राहू शकतात.