बनावट अँटिव्हायरस नूतनीकरण बिल

बनावट अँटिव्हायरस नूतनीकरण बिल : संगणकावरील अँटिव्हायरसची वर्षभराची मुदत आपोआप वाढवली असून त्यापोटी मोठी रक्कम खात्यातून वळती झाली आहे, असे खोटेच कळवणारी ईमेल. तिच्यात बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम असते. रक्कम बहुधा ३०० ते ५०० डॉलरच्या दरम्यान असते. खाली एक फोन क्रमांक देऊन ‘हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर २४ तासांत फोन करून रद्द करा’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात कोणतीही रक्कम कापलेली नसते, आणि मुदत वाढवायला मुळात अशी कुठली सेवा घेतलेलीही नसेल. त्या बिलात खरा असतो तो एकटा फोन क्रमांक. जाणकार या पद्धतीला ‘कॉलबॅक फिशिंग’ म्हणतात आणि फोननंतर जे घडते त्याला परतावा-फसवणूक.

बिलावर नॉर्टन, मॅकॅफी यांसारख्या नामांकित अँटिव्हायरसचे किंवा अमेरिकेतील बेस्ट बाय या विक्रेत्या कंपनीच्या ‘गीक स्क्वॉड’ या दुरुस्ती सेवेचे नाव आणि बोधचिन्ह असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२३ मध्ये कंपन्यांच्या नावाने झालेल्या तोतयेगिरीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांत बेस्ट बाय आणि गीक स्क्वॉड सर्वांत वर होते. त्यांच्या नावाच्या सुमारे ५२,००० तक्रारी होत्या. या कंपन्यांचा यात काहीही हात नसतो. अँटिव्हायरसच निवडण्यामागे मात्र हिशेब आहे. ही सेवा खरोखरच वर्षाच्या बोलीवर विकली जाते, खरोखरच आपोआप पुढे चालू राहते, आणि कधी घेतली होती हे बहुतेकांना आठवत नाही. नवा संगणक घेताना सोबत आली होती का, मुलाने टाकून दिली होती का, अशी शंका मनात आली की अर्धे काम झाले.

गाळणीतून सुटका

फसव्या ईमेल ओळखणाऱ्या गाळण्या मुख्यतः दोन गोष्टी शोधतात : घातक दुवा आणि घातक जोडफाईल. या ईमेलमध्ये दोन्ही नसतात. असतो तो साधा मजकूर, एखादे चित्र किंवा निरुपद्रवी पीडीएफ. फोन क्रमांक चित्रात कोरलेला असतो किंवा आकड्यांच्या मध्ये ठिपके, कंस, मोकळ्या जागा आणि कधी शून्याऐवजी इंग्रजी ‘O’ घालून लिहिलेला असतो, म्हणजे यंत्राला तो क्रमांक वाटू नये. पाठवणारा पत्ता मोफत ईमेल सेवेवर नुकताच उघडलेला असतो. ईमेल त्या सेवेच्या खऱ्या सर्व्हरवरून येत असल्याने पाठवणाऱ्याची तांत्रिक पडताळणी सरळ उत्तीर्ण होते.

याहून चलाख प्रकार म्हणजे पेपॅलसारख्या खऱ्या देयक सेवेवर खाते उघडून तिथूनच बिल किंवा पैशांची मागणी पाठवणे. मग ईमेल खरोखर त्या सेवेकडून येते, पत्ता खरा असतो, आतले दुवेही खरे असतात. खोटी असते ती विक्रेत्याने टिपेच्या चौकटीत लिहिलेली ओळ : तुमच्या खात्यातून इतके डॉलर कापले आहेत, रद्द करण्यासाठी अमुक क्रमांकावर फोन करा. ‘पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा’ हा नेहमीचा सल्ला इथे थिटा पडतो. पडताळणीतून इतकेच सिद्ध होते की ईमेल त्या सर्व्हरवरून निघाली. आतल्या मजकुराची हमी त्यात नसते.

फोन आपण करायचा, हीही यातली मोठी सोय आहे. अनोळखी माणसाचा फोन आला तर आपण सावध असतो. स्वतः शोधून फिरवलेल्या क्रमांकावर आपण तक्रारदार म्हणून बोलतो आणि समोरच्याला अधिकारी मानतो. शिवाय हजारो लोकांना गेलेल्या ईमेलपैकी ज्यांनी खरोखर घाबरून फोन केला तेवढेच गळाला लागतात. निवडीचे कष्ट बळीच घेतो.

फोननंतर

पलीकडचा माणूस नम्र असतो. तो बिल क्रमांक विचारतो. हा क्रमांक ग्राहकाच्या नोंदीसाठी नसून कोणत्या मजकुराच्या ईमेलवरून फोन आला हे कळण्यासाठी असतो. थोडा वेळ संगीत ऐकवून तो सांगतो, ‘रद्द करता येईल, पण त्यासाठी तुमच्या संगणकावर एक अर्ज भरावा लागेल.’ अर्जाच्या नावाखाली दूरस्थ नियंत्रणाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले जाते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट ही अशी सॉफ्टवेअर वैध आहेत आणि दुरुस्ती करणारे लोक ती रोज वापरतात, त्यामुळे संगणकावरचा खरा अँटिव्हायरस सहसा गप्पच राहतो. पडद्यावरचा नऊ-दहा आकडी क्रमांक फोनवर सांगितला आणि ‘परवानगी द्या’वर टिचकी मारली की माऊस त्याच्या हाती जातो.

इथून पुढची करामत एका कल्पित पण नमुनेदार हिशेबावरून समजते. समजा बळीच्या चालू खात्यात २,१५० डॉलर आणि बचत खात्यात १८,४०० डॉलर आहेत. बिल ३९९.९९ डॉलरचे आहे. ‘परतावा आला की लगेच दिसेल’ म्हणून त्याला बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश करायला लावतात. मग पडद्यावर एक चौकट उघडते आणि तिच्यात ‘सरळ ४०० टाका’ असे सांगितले जाते. बळी ४०० टाइप करतो, पण चौकटीत ४,००० उमटते. जास्तीचे शून्य पलीकडच्यानेच मारलेले असते. लगेच आवाज बदलतो : ‘अरे देवा, हे काय केलंत तुम्ही? माझी नोकरी जाईल!’

त्याच गडबडीत पडदा काही क्षण काळा केला जातो. ही सोय दूरस्थ नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. त्या काळोखात बचत खात्यातले ४,००० डॉलर चालू खात्यात सरकवले जातात. पडदा उजळतो तेव्हा चालू खात्यात ६,१५० डॉलर दिसतात. बळीची खात्री पटते की ४०० ऐवजी ४,००० आले आणि ३,६०० डॉलर आपल्याकडे चुकून राहिले. बचत खात्यात आता १४,४०० उरले आहेत, पण तिकडे त्याचे लक्ष जाऊ दिले जात नाही. दोन्ही खात्यांची बेरीज आधी २०,५५० होती आणि नंतरही २०,५५० आहे. बाहेरून एक पैही आलेली नाही. ही बेरीज करणे हाच त्या क्षणी सापळा ओळखण्याचा सर्वांत पक्का उपाय. दुसरी खूण व्यवहाराच्या नोंदीत असते : तिथे कंपनीच्या नावाऐवजी स्वतःच्याच खात्यातून हस्तांतर झाल्याचा उल्लेख असतो.

एकच खाते असेल तर दुसरी युक्ती चालते. ब्राउझरमध्ये कोणत्याही पानावर उजवी टिचकी मारून `Inspect` निवडले की पानाचा मजकूर आपल्या पडद्यापुरता बदलता येतो. २,१५० चे ६,१५० करायला काही सेकंद पुरतात. बँकेच्या नोंदीला यातून धक्काही लागत नाही, म्हणून पान पुन्हा लोड केले की जुना आकडा परत येतो. ‘पान रिफ्रेश करू नका, व्यवहार अडकेल’ अशी ताकीद मिळते ती याचसाठी.

‘जास्तीचे’ ३,६०० डॉलर परत करायचे कसे, याची सूचना तयारच असते : दुकानातून भेटकार्डे घेऊन त्यांवरचे क्रमांक फोनवर वाचून दाखवा, बँकेतून पैसे पाठवा, बिटकॉइनच्या यंत्रात नोटा भरा किंवा रोख रक्कम मासिकांच्या पानांत घालून पार्सल करा. बळी दुकानात असतानाही फोन चालू ठेवायला लावतात आणि रोखपालाने विचारले तर ‘नातवंडांसाठी’ असे सांगायला शिकवतात. माणूस लोभापायी फसतो असे आपण सहज म्हणून जातो. इथे तर तो दुसऱ्याचे पैसे प्रामाणिकपणे परत करायला निघालेला असतो. त्याच्या सचोटीचीच ही फसवणूक आहे. वरच्या उदाहरणात शेवटी त्याच्याकडे १६,९५० डॉलर उरतात.

संस्थांवरील प्रकार

याच आमिषाची दुसरी शाखा पैशांऐवजी संस्थेच्या जाळ्यात शिरण्यासाठी वापरली जाते. २०२१ मध्ये ‘बझारकॉल’ नावाने ओळखल्या गेलेल्या मोहिमेत मोफत चाचणीची मुदत संपत असल्याची ईमेल येई. फोन केल्यावर एका संकेतस्थळावरून एक्सेल फाईल उतरवून घेतली जाई आणि ती उघडताच घातक प्रोग्राम संगणकात बसे. पुढे ‘सायलेंट रॅन्सम ग्रुप’ने हीच वाट धरली, विधी संस्थांना लक्ष्य करून कागदपत्रे चोरणे आणि ती उघड करण्याची धमकी देऊन खंडणी मागणे ही त्यांची रीत, आणि मे २०२५ मध्ये एफबीआयने त्याबद्दल इशारा दिला. या शाखेत बिलाची रक्कम बऱ्याचदा किरकोळ असते. इथे कमाई बिलावर अवलंबून नसल्याने घबराटीपेक्षा वैतागच पुरेसा ठरतो.

ओळख आणि त्यानंतरची घाई

बिल खरे की खोटे हे ईमेल न्याहाळून ठरवण्याचा प्रयत्न फारसा उपयोगी नाही. ‘प्रिय ग्राहक’ असा मायना किंवा व्याकरणाच्या चुका संशय वाढवतात, पण गळती झालेल्या माहितीमुळे नाव-पत्त्यासह अचूक बिलेही येतात. ज्या कार्डातून पैसे कापले म्हणतात त्याचे शेवटचे चार आकडे बिलावर नसणे ही त्यातल्या त्यात चांगली खूण. निर्णायक पुरावा ईमेलच्या बाहेर असतो : बँकेच्या किंवा कार्डाच्या नोंदीत ती रक्कम आहे का, आणि अँटिव्हायरसच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या खात्यात मुदतवाढ दिसते का. खरा परतावा ज्या कार्डातून पैसे गेले त्याच कार्डावर येतो. त्यासाठी ना बँकेत प्रवेश करावा लागतो, ना कोणाला संगणक दाखवावा लागतो.

नुसता फोन झाला असेल तर नुकसान बेताचे असते. नियंत्रण दिले असेल तर आधी इंटरनेट तोडावे, मग दुसऱ्या उपकरणावरून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून पासवर्ड बदलावेत. दूरस्थ सॉफ्टवेअर बंद करून भागत नाही. त्यात कायमचा पासवर्ड ठेवून नंतर विनापरवानगी शिरण्याची सोय असते, म्हणून ते काढूनच टाकावे लागते. भेटकार्डांचे क्रमांक सांगून झाले असतील तरी कार्डे आणि पावत्या जपून ठेवून ती देणाऱ्या कंपनीला लगेच फोन करावा, कारण शिल्लक अजून वापरली नसेल तर ती गोठवता येते. रोख पार्सल वाटेत असेल तर कुरियरला अडवायला सांगता येते. बिटकॉइन मात्र गेल्यावर परत मिळणे जवळपास अशक्य असते.

फसलेल्या माणसाचा क्रमांक यानंतर याद्यांमध्ये विकला जातो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, ‘तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा’ असा फोन येतो. त्या फोनवरच्या माणसाला आधीची रक्कम आणि तारीख दोन्ही पाठ असतात.