अनटिल आणि बाय: भविष्यकाळातील वापर

'अनटिल' आणि 'बाय' हे इंग्रजीतील वेळेची मर्यादा दाखवणारे शब्द आहेत. मराठीत दोघांनाही 'पर्यंत' चालतो. 'मी सहापर्यंत थांबेन' आणि 'मी सहापर्यंत काम संपवलेलं असेल' या दोन्ही वाक्यांत एकच प्रत्यय येतो, आणि गाळलेल्या जागा भरताना मराठी विद्यार्थ्याची गफलत नेमकी इथेच होते. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात 'अनटिल सिक्स' लागते आणि दुसऱ्यात 'बाय सिक्स'.

निर्णय वेळेवरून नव्हे, क्रियापदावरून होतो. वेट, स्टे, स्लीप या क्रिया पसरट असतात. अनटिल सांगते की ती क्रिया सहा वाजता थांबेल, तोवर अखंड चालू राहील. फिनिश, अराइव्ह यांसारख्या क्रिया एका क्षणी घडून जातात. बाय सांगते की तो क्षण सहाच्या आत किंवा फार तर सहाला येऊन गेलेला असेल. म्हणून त्याच्याबरोबर 'विल हॅव फिनिश्ड' हे पूर्ण भविष्यकाळाचे रूप सहज येते.

एक प्रश्न घेऊ: 'द पेंटर्स विल वर्क ___ फ्रायडे. दे विल हॅव पेंटेड ऑल द रूम्स ___ फ्रायडे.' रंगाऱ्यांचे काम शुक्रवारपर्यंत चालूच राहणार, म्हणून पहिल्या जागी अनटिल. खोल्या रंगवून झालेल्या असणार, म्हणून दुसऱ्या जागी बाय. 'विल हॅव' दिसले की डोळे झाकून बाय लिहिण्याची युक्ती शिकवली जाते. ती बहुतेक वेळा जमते, पण तिच्यामुळे अर्थ पाहण्याची सवय लागत नाही.

ही युक्ती 'आय विल बी हिअर ___ सिक्स' या वाक्यात उपयोगी पडत नाही. दोन्ही शब्द व्याकरणाने बरोबर आहेत. अनटिल घातले तर मी सहापर्यंत इथेच असेन. बाय घातले तर मी सहाच्या आत इथे पोहोचेन. संदर्भ न देता असा प्रश्न विचारला असेल, तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे.

नकारात हिशेब बदलतो. 'शी वोन्ट फिनिश अनटिल सिक्स' हे बरोबर आहे. फिनिश क्षणिक असले तरी 'न संपणे' ही स्थिती पसरट आहे, आणि सहाला ती सुटेल असे वाक्य सुचवते. 'शी वोन्ट हॅव फिनिश्ड बाय सिक्स' एवढेच सांगते की सहाला काम अपुरे असेल. नंतर कधी संपेल हे त्यात नाही.

रिकाम्या जागेनंतर पूर्ण उपवाक्य असेल, तर नुसते बाय बसत नाही. 'वी विल वेट अनटिल ही कम्स' चालते, पण बायच्या अर्थाने 'बाय द टाइम ही कम्स' लिहावे लागते. दोन्हीकडे 'कम्स' असेच वर्तमानकाळी रूप येते. मराठीतल्या 'येईल तोवर'च्या ओढीने तिथे 'विल कम' लिहिले जाते आणि गुण जातो.