दरबारीचा गंधार: तालीम, वही आणि तबकडी

नाशिकच्या संगीतवर्तुळात विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव रामनाम आधाराश्रमामुळे घेतलं जातं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांचा मुक्काम इथे होता. पण गाणं शिकवण्याची पद्धत बदलली ती त्याच्या कितीतरी आधी. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते जुन्या रीतीने, गुरूपाशी राहून ग्वाल्हेरची गायकी शिकले. मग 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं वेळापत्रकात आलं, वहीत आलं, पुढे परीक्षेतही आलं.

वहीत काय मावतं आणि काय निसटतं, हे दरबारी कानडा रागाच्या गंधारावर नीट कळतं. भातखंड्यांच्या लिपीत कोमल गंधार म्हणजे ‘ग’खाली आडवी रेघ. काफीतही तीच रेघ, दरबारीतही तीच. दरबारीत मात्र हा स्वर नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला असतो, मध्यमाचा कण घेऊन येतो आणि रिषभाच्या दिशेने सावकाश झुलतो. तालमीत हे कुणी समजावत नसे. गुरू ‘ग म रे सा’ म्हणायचे, शिष्य मागून म्हणायचा, आणि झोका जमेपर्यंत पुढची जागा मिळत नसे. महिना गेला तरी हरकत नसे.

क्लासमध्ये आठ-दहा मुलं, आठवड्याला दोन तास आणि मध्ये पेटी. पेटीच्या पट्टीला झुलता येत नाही. मुलं पट्टीचाच स्वर पकडतात, तो सरळ उभा राहतो आणि दरबारीचा भारदस्तपणा जातो. त्यात काळी एक आणि काळी चार यांच्या मधली पट्टी धरली की मुलांना खर्ज जड नाही पण तार चढत नाही, मुलींना मंद्र लागत नाही. दरबारीचा तर सगळा डौलच मंद्रात!

तबकडीने हा झोका पुन्हा कानावर आणला, पण तिचीही अडचण होती. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. आलाप आटपून गवई तानांकडे वळायचा आणि ऐकणाऱ्याला तानाच पाठ व्हायच्या. यंत्र सहा टक्के जलद फिरलं की लयीबरोबर स्वरही जवळजवळ अर्धा चढायचा. विष्णु दिगंबरांचे नाशकात जन्मलेले चिरंजीव द. वि. पलुसकर वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते. तबकडीच्या त्या काळातही ग्वाल्हेरची गायकी त्यांना वडिलांच्याच शिष्यांकडून, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून मिळाली.

आता मोबाइलवर स्वर न बदलता वेग निम्मा करता येतो. दरबारीसाठी हे खरंच कामाचं. आधी ध्वनिमुद्रणातला षड्ज शोधावा, तो तुकडा निम्म्या वेगात दहा वेळा ऐकावा आणि मग पेटी बंद करून तंबोऱ्यावर स्वतःच्या पट्टीत म्हणावा. गवयाची पट्टी उसनी घेऊ नये, गळा आवळतो. स्वतःचं गाणं मुद्रित करून ऐकताना गंधारावर बोट ठेवता आलं, की तो अजून पेटीचाच आहे असं समजावं.