शेअर दलालाची ग्राहकाप्रती कर्तव्ये

शेअर बाजारात ग्राहकाच्या वतीने रोख्यांची खरेदी-विक्री करणारा दलाल हा भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार ग्राहकाचा एजंट असतो. त्यामुळे ग्राहकाच्या सूचनेबाहेर व्यवहार न करणे, मागितल्यावर चोख हिशेब देणे आणि ग्राहकाची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेत न मिसळणे ही त्याची मूळ कर्तव्ये ठरतात. रोखे बाजाराची नियामक संस्था सेबी हिने 1993 पासून ग्राहकांचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवणे दलालांना बंधनकारक केले. या कर्तव्यांचा भंग मुख्यतः दोन प्रकारे होतो: आदेश नसताना व्यवहार करणे आणि ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या कामासाठी वापरणे.

पहिल्या प्रकारात वादाचा खरा मुद्दा पुराव्याचा असतो. सेबीच्या 2018 मधील परिपत्रकानुसार प्रत्येक आदेशाचा पुरावा दलालाकडे असला पाहिजे. हा पुरावा सहीचा कागद, फोनचे ध्वनिमुद्रण, नोंदणीकृत पत्त्यावरून आलेला ई-मेल, एसएमएस किंवा ऑनलाइन व्यवहाराची संगणकीय नोंद अशा स्वरूपाचा असू शकतो, आणि वाद उद्भवल्यास तो सादर करण्याची जबाबदारी दलालावरच आहे. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण ‘मी आदेश दिला नव्हता’ हे नकारात्मक विधान सिद्ध करणे ग्राहकाला जवळजवळ अशक्य असते.

समजा, शाखेतील कर्मचाऱ्याने एका ग्राहकाच्या खात्यात दोन महिने ऑप्शन्सचे व्यवहार केले आणि 1,40,000 रुपयांचा तोटा झाला. प्रत्येक व्यवहाराचा तपशील देणाऱ्या काँट्रॅक्ट नोटा आणि एसएमएस वेळच्या वेळी गेले होते, ग्राहकाने हरकत घेतली नाही, म्हणजे त्याची संमती होती, असा दलालाचा बचाव असतो. काँट्रॅक्ट नोट हा व्यवहार झाल्याचा पुरावा आहे. आदेश दिल्याचा नव्हे. तरीही ग्राहकाच्या वर्तनातून मागाहून दिलेली मान्यता कायदा ओळखतो. तोट्याची माहिती असूनही त्याने आणखी मार्जिन, म्हणजे व्यवहारापोटी ठेवावी लागणारी अनामत, भरले असेल किंवा त्याच व्यवहारांतील नफा काढून घेतला असेल, तर दावा लंगडा पडतो. उलट नोटा त्याच्या नसलेल्या ई-मेलवर गेल्या असतील, तर वस्तुस्थितीच माहीत नसल्याने ती मान्यता वैध ठरत नाही. म्हणूनच शेअर बाजाराकडून थेट येणारा एसएमएस दलालाच्या संदेशापेक्षा अधिक विश्वासाचा असतो, मात्र दलालाकडील नोंदीत मोबाइल क्रमांक ग्राहकाचाच असला पाहिजे. हरकत लगेच आणि लेखी नोंदवावी.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंगचे आहे. विकलेले शेअर पोहोचते करता यावेत म्हणून ग्राहक दलालाला कुलमुखत्यारपत्र देत असत. त्याचा गैरवापर करून कार्वीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या डीमॅट खात्यात वळवले, बँका व वित्तसंस्थांकडे ते तारण ठेवून कर्जे उचलली आणि ते खाते शेअर बाजाराला दिलेल्या माहितीतून वगळले. ज्या ग्राहकांकडे कसलेही येणे नव्हते, त्यांचेही शेअर यात होते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या तपासणीनंतर 22 नोव्हेंबर 2019 रोजी सेबीने अंतरिम आदेशाने कार्वीला नवे ग्राहक घेण्यास आणि कुलमुखत्यारपत्र वापरण्यास मनाई केली. डिसेंबरच्या आरंभी सुमारे 83,000 ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. कर्ज देणाऱ्या बँकांनी त्यावर हरकत घेतली. तथापि जी वस्तू दलालाची नव्हतीच, तिच्यावर त्याच्या धनकोचा हक्क मूळ मालकाच्या आधी मानणे न्याय्य म्हणता येत नाही. एप्रिल 2023 मध्ये सेबीने कार्वीला सात वर्षे रोखे बाजारातून दूर ठेवले.

या प्रकरणानंतर व्यवस्थाच बदलली. सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठीचे शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतात आणि ओटीपीने संमती दिल्यावरच त्यांच्यावर तारण नोंदले जाते. आपल्या होल्डिंगचा तपशील दलालाच्या ॲपवर न पाहता डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरीकडून येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रात पाहिल्यास तफावत लवकर कळते.

दाद मागताना प्रथम दलालाकडे लेखी तक्रार करावी लागते. तेथे समाधान न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते किंवा ऑनलाइन वादनिवारणाच्या ‘स्मार्ट ओडीआर’ मंचावर समेट आणि नंतर लवाद यांचा मार्ग घेता येतो. सेबीने ठोठावलेला दंड सरकारजमा होतो. भरपाई हवी असल्यास हा स्वतंत्र मार्ग घ्यावाच लागतो. पैशांचा अपहार झाला असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी फिर्यादही देता येते. या कलमात दलालाचा स्पष्ट उल्लेख आहे.

दलाल थकबाकीदार घोषित झाला, तर शेअर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीतून ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई मिळते. बाजारातील चढ-उताराचा तोटा त्यात येत नाही. दलालाच्या एजंटाने हमखास परताव्याचे आश्वासन देऊन स्वतःच्या वैयक्तिक खात्यात घेतलेली रक्कमही या निधीच्या कक्षेबाहेर राहते, आणि अनेक छोटे गुंतवणूकदार नेमके येथेच उघडे पडतात.