आधीचं ‘आँसियँ’ आणि नंतरचं ‘आँसियँ’

पॅरिसचं ओर्से संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन होती. संग्रहालय १९८६ साली सुरू झालं. फ्रेंचमध्ये या इमारतीला ‘लाँसिएन गार दॉर्से’ म्हणतात. ‘गार’ म्हणजे स्टेशन. त्याच्या आधी आलेलं ‘आँसिएन’ हे ‘आँसियँ’ या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप. इथे त्याचा अर्थ ‘पूर्वीचं’: एके काळी स्टेशन होतं, आता नाही. तेच विशेषण उचलून नामानंतर ठेवलं, ‘यून गार आँसिएन’, की अर्थ होतो ‘जुनं स्टेशन’. तिथे गाड्या आजही थांबत असू शकतात.

असं का होतं? नामानंतरचं विशेषण सहसा वस्तूचा एक गुण सांगतं. ती वस्तू स्टेशन आहे आणि ती जुनी आहे, अशा दोन गोष्टी सुट्या सांगता येतात. नामाआधीचं ‘आँसिएन’ मात्र ‘स्टेशन’ या शब्दाच्या अर्थालाच हात घालतं. मराठीतलं ‘माजी आमदार’ आठवा. ही व्यक्ती आमदार आहे आणि माजीही आहे, अशी फोड होत नाही. ती आता आमदार नाहीच.

यातूनच एक सोपी कसोटी मिळते. विशेषण नामापासून तोडून वाक्याच्या शेवटी न्यायचं. ‘ला गार ए आँसिएन’, म्हणजे ‘स्टेशन आँसिएन आहे’, असं म्हटलं तर फक्त वय कळतं. ‘पूर्वीचं’ हा अर्थ गळून पडतो. म्हणून भाषांतर करताना आपल्या वाक्याची अशी फोड करून पाहावी. फोड केल्यावर अर्थ बिघडत असेल, तर तिथे ‘पूर्वीचं’ हवं.

जागेचा हा नियम सगळीकडे चालत नाही. आधी ‘त्रे’, म्हणजे ‘खूप’, आलं की गणित उलटतं. ‘यून त्रे आँसिएन एग्लीज’ हे खूप जुनं चर्च, विशेषण आधी असूनही. कारण उघड आहे: वय कमीजास्त असतं, ‘माजी’पण कमीजास्त नसतं. ठरून गेलेल्या नावांतही सावध राहावं लागतं. बायबलच्या पहिल्या भागाला फ्रेंचमध्ये ‘आँसियँ तेस्तामाँ’ म्हणतात, तो काही ‘माजी करार’ नव्हे. आपणही ‘जुना करार’च म्हणतो.

इंग्रजीत विशेषण जवळपास नेहमी नामाआधीच बसतं, त्यामुळे जागेचं काम शब्दाकडून करून घ्यावं लागतं. ओर्सेसाठी ‘फॉर्मर’, चर्चसाठी ‘ओल्ड’. घाईत होणारी चूक म्हणजे दिसायला जुळणारा ‘एन्शंट’ वापरणं. मग माजी मंत्री प्राचीन मंत्री होतो आणि १९०० सालचं स्टेशन थेट रोमन काळात जातं. ‘ओल्ड’ दोन्हीकडे चालून जातो, कारण ‘माय ओल्ड स्कूल’ ही पडकी शाळाही असू शकते आणि आपण सोडलेली शाळाही. मराठीतल्या ‘माझी जुनी शाळा’चंही तसंच. खरी अडचण उलट्या दिशेला येते: इंग्रजीतून फ्रेंचमध्ये जाताना ही संदिग्धता तशीच ठेवता येत नाही. बहुतेक वेळा शिकून सोडलेली शाळाच अभिप्रेत असते, तेव्हा ‘मॉन आँसिएन एकोल’ लिहावं.

‘प्रॉप्र’ या दुसऱ्या फ्रेंच विशेषणाची गंमत वेगळी आहे. नामाआधी ते ‘स्वतःचं’, नामानंतर बहुधा ‘स्वच्छ’. एखाद्या मुक्कामाच्या ठिकाणी सूचना असेल ‘आपोर्ते व्हो प्रॉप्र द्रा’, तर स्वतःच्या चादरी आणायच्या. ‘दे द्रा प्रॉप्र’ म्हटलं असेल, तर स्वच्छ चादरी, मग त्या कुणाच्याही असोत. ओळखायची खूण जवळच असते. ‘स्वतःचं’ या अर्थी प्रॉप्रच्या आधी सहसा ‘माझं’, ‘तुमचं’ असा मालकी दाखवणारा शब्द येतो. इंग्रजीतल्या ‘ओन’लाही हाच आधार लागतो, म्हणून ‘माय ओन रूम’ सहज जमतं. स्वच्छतेच्या अर्थाला ‘क्लीन’ हा वेगळा शब्द घ्यावाच लागतो. ‘प्रॉपर’ मात्र या दोन्ही जागी चुकतो. तो शोभतो ‘नॉम प्रॉप्र’ला, म्हणजे विशेषनामाला.

आणि इथेच नवशिक्याला फसवणारा एक वाक्प्रयोग येतो. फ्रान्समध्ये नोकरीसंबंधीचं पत्र टपालाने न पाठवता थेट हातात दिलं, तर ‘आँ मँ प्रॉप्र’ दिलं असं लिहितात. ‘मँ’ म्हणजे हात, आणि ‘प्रॉप्र’ त्याच्या नंतर आहे. नियम लावला तर ‘स्वच्छ हातात’ होईल. पण इथे जुनी, गोठलेली रचना टिकून आहे आणि अर्थ आहे ‘ज्याचं पत्र त्याच्याच हाती’. इंग्रजीत ‘डिलिव्हर्ड बाय हँड’ किंवा ‘इन पर्सन’ लिहिलं की झालं. विशेषण शोधायची गरजच उरत नाही.