पहाटेचा दयाळ इतका जीव तोडून का गातो?

एप्रिल-मे महिन्यात नागपुरात गच्चीवर झोपणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. सूर्य उगवायला अजून बराच अवकाश असतो, शेजारपाजारचे कूलर घरघरत असतात आणि कडुनिंबाच्या शेंड्यावरून किंवा एखाद्या पाण्याच्या टाकीवरून दयाळ सुरू होतो. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, बुलबुलाएवढा पक्षी. सेमिनरी हिल्सच्या झाडीत जायची गरज नाही, धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही तो सापडतो. ऊन तापलं की हाच पक्षी खाली सावलीत किडे टिपत फिरतो, मधूनमधून गातोही. पण पहाटेचा तो जोर नसतो.

गाणारा बहुधा नर असतो. मादी कधीमधी गाते, पण पहाटेची ही मैफल नराची. तो एकाच वेळी दोघांना ऐकवत असतो: शेजारच्या नराला ‘ही जागा माझी आहे’ आणि मादीला ‘मी इथे आहे, धडधाकट आहे’.

गाण्यामुळे खरंच जागा राखली जाते की गाणाऱ्याला पाहून इतर नर दूर राहतात? १९७०च्या दशकात जॉन क्रेब्ज यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात हे तपासलं. ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या काही जोड्या त्यांनी पकडून त्यांच्या जागांवरून हलवल्या. काही रिकाम्या जागांत लाउडस्पीकरवर त्याच पक्ष्याचं गाणं लावलं, काहींत नुसत्या पत्र्याच्या शिट्टीचा आवाज, आणि काही शांत ठेवल्या. शांत आणि शिट्टीच्या जागांवर नवे नर लवकरच येऊन बसले. गाणं वाजत होतं त्या जागा मात्र बऱ्याच जास्त वेळ रिकाम्या राहिल्या. म्हणजे नुसतं गाणंही घुसखोराला थोपवतं. पण कायमचं नाही. शेवटी त्याही जागा बळकावल्या गेल्या. हाकलायला प्रत्यक्ष मालक येत नाही, हे घुसखोराच्या लक्षात येतंच.

आता पहाट. रात्रीतून एखादा नर मांजराच्या किंवा घुबडाच्या तावडीत सापडतो आणि त्याची जागा मोकळी होते. स्वतःची जागा नसलेले नर अशाच संधीच्या शोधात असतात. त्यामुळे सकाळी जो गात नाही, त्याची जागा रिकामी समजली जाण्याचा धोका असतो.

मादीचा भाग याहून रंजक आहे. रूथ मेस यांनी ग्रेट टिटवरच केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. मादी अंडी घालत असते त्या दिवसांत नराचं पहाटेचं गाणं सर्वांत जोमात असतं, असं त्यात दिसलं. मादी रात्री ढोलीत झोपते. नर ढोलीजवळ बसून गात राहतो. ती बाहेर आली की दोघांचं मीलन होतं आणि गाणं थांबतं. या दिवसांत अंडी फलित होऊ शकतात, त्यामुळे ती बाहेर येईल तेव्हा दुसऱ्याच नराशी गाठ पडू नये, हे त्याच्या दृष्टीने फार मोलाचं असतं. आपला दयाळही ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करतो. पण हेच वेळापत्रक त्यालाही जसंच्या तसं लावू नये.

पहाटेचं आणखी एक कारण अगदी व्यवहारी आहे. अंधूक उजेडात किडा दिसत नाही, गायला मात्र उजेड लागत नाही. रात्र कशी जाईल याचा नेम नसल्याने पक्षी संध्याकाळी अंगावर थोडी जास्तीची चरबी घेऊन झोपतो. रात्र बरी गेली तर सकाळी त्यातली काही उरते आणि ती गाण्यावर खर्च करता येते. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्ड नरांना जादा खाणं दिलं, तेव्हा ते पहाटे लवकर गायला लागले. पोटभर खाल्लेलाच पहाटे जास्त गाऊ शकतो, म्हणून ते गाणं मादीला नराची तब्येतही सांगतं.

‘पहाटे हवा स्थिर असते, म्हणून आवाज दूर जातो’ हे उत्तर आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. मला ते अपुरं वाटतं. मोजमापं केल्यावर असं दिसलं की पहाटे आवाज दरवेळी जास्त दूर जातोच असं नाही. वाऱ्याचे झोत नसल्याने तो कमी विस्कटतो, एवढं म्हणता येतं. आवाजावरून कोण गातंय हे ओळखायचं असेल, तर तेवढाही फायदा थोडा नव्हे. शिवाय आपल्याला तो मोठा वाटतो याचं एक कारण म्हणजे त्या वेळी वर्धा रोडवर वाहनं कमी असतात.

मोबाइलवर दयाळाचं गाणं लावून त्याला जवळ बोलावण्याची हौस अनेकांना असते. तो येतोही, चवताळून. पण त्याच्या लेखी घुसखोर आलेला असतो. तो दिसत नाही, हटतही नाही. तेवढा वेळ नराचं घरट्याकडे आणि खाण्याकडे दुर्लक्ष होतं. विणीच्या हंगामात हा प्रकार टाळलेलाच बरा. पावसाळा सरता सरता तर हाच पक्षी गाणं जवळजवळ सोडून देतो. उरते ती एक बारीक शीळ आणि चिडला की ‘चर्र’.